ओंजळीआधीचा घोट

सुंदराबाईच्या माहेरी एक रीत होती. वीस मार्चला पहाटे उठायचं, आंघोळ करायची, पांढरं लुगडं नेसायचं आणि चालत महाडला जायचं. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायल्याशिवाय त्या दिवशी पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. घरातला माठ झाकलेलाच राहायचा. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती, कुठल्या पुढाऱ्यानं घालून दिली नव्हती. सत्तावीस सालच्या सत्याग्रहात तिचे वडील तळ्यावर होते. पाणी प्यायले आणि मग पाठीवर काठ्याही खाल्ल्या. म्हातारपणी ते म्हणायचे, त्या दिवशी जी तहान लागली होती ती पोरांना कळायला पाहिजे. बस, एवढंच. पुढं ते गेले, भाऊ मुंबईला पांगले, आणि ती तहान सुंदराबाई सासरी नाते गावाला घेऊन आली.

नाते गावाच्या बौद्धवाडीत तिला कुणी मोठी बाई म्हणत नसे, पण तिच्यावाचून काही अडून राहत नसे असंही नाही. बाळंतिणीला पहिलं न्हाणं घालायला ती, मयताच्या घरी चूल पेटवायला ती, विहाराचं अंगण सारवायलाही ती. नवरा दत्ताराम औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर गोणी उचलायचा. एकच मुलगी जगली, ललिता. ती सातवी झाली, शिवण शिकली आणि एकोणिसाव्या वर्षी तिला बिरवाडीकडचं स्थळ आलं. मुलगा जानू. रसायनाच्या कारखान्यात कायम. बापाविना वाढलेला, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. आई काशीबाई. मुलगी बघायला आली तेव्हा तिनं ललिताला चालायला लावलं नाही की सुईत दोरा ओवायला लावला नाही. म्हणाली, "पोर सरळ हाय. मला एवढंच पाह्यजे." बुद्धपौर्णिमेला साखरपुडा करायचं ठरलं.

मध्ये मार्च आला.

त्या वर्षी गर्दी फार होती. एसट्या भरभरून येत होत्या, मुंबईहून ट्रक आले होते, रस्त्याच्या दोन्ही कडांना निळे झेंडे. तळ्याकडं जाणारी रांग बाजारपेठेतून वळून आली होती आणि हलत नव्हती. ऊन डोक्यावर आलेलं. बायकांच्या रांगेत पाय हलवायला जागा नव्हती; पुढचीचा अंबाडा तोंडाशी, मागचीची पिशवी पाठीला. रांगेतच काशीबाई भेटली. शेजारची रांग पुढं सरकली आणि ती बरोबर त्यांच्या बाजूला आली.

"काय गो सुनबाई, दमलीस?" काशीबाई हसून म्हणाली.

"नाय," ललिता म्हणाली आणि खाली बघितलं. होणाऱ्या सासूसमोर ती अगदी ताठ उभी राहिली, कवायतीला उभ्या पोरासारखी, गुडघे आवळून.

काशीबाईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, स्वतः प्यायली, ललितापुढं धरली. ललितानं आईकडं बघितलं.

"आमच्यात नाय पीत," सुंदराबाई म्हणाली. "तळ्याचं पिऊन मगच. माझ्या वडलांची रीत हाय." म्हणताना तिचा ऊर थोडा भरून आला, हे तिला नंतरही आठवायचं. काशीबाईला दाखवण्यासारखं तिच्याकडं दुसरं काय होतं?

"बाई बाई, कडक हायत तुमचं वडील," काशीबाई म्हणाली. "गेल्यावरपन पान्यावर पहारा."

पुन्हा रांग थांबली. भाषणाचा आवाज कर्ण्यातून येत होता, वाऱ्यानं तुटत होता. मग ललिता जांभया द्यायला लागली. एकीमागून एक. सुंदराबाईला वाटलं पहाटेची झोप असेल. तिच्या ओठांवर घामाचे बारीक थेंब आले होते आणि चेहऱ्याचा रंग भाताच्या पेजेसारखा पांढुरका झाला होता.

"आये," ती हळूच म्हणाली, "मला लांबचं ऐकू येतंय."

"अगो, कर्णाच लांब हाय."

"नाय, तुझंपन लांबनं येतंय. डोळ्याम्होरं काळं होतंय."

सुंदराबाईनं तिचा हात धरला. हात थंडगार, ओला. त्या क्षणी पोरीला खाली बसवायचं, एवढंच करायचं होतं. पण खाली बसली तर तुडवली जाईल ही एक भीती, आणि काशीबाई बघतेय ही दुसरी. या दोहोंतली कुठली मोठी होती, हे सुंदराबाईनं पुढं कुणालाच सांगितलं नाही. ती म्हणाली, "आता थोडंच ऱ्हायलं. सरळ उभी ऱ्हा."

ललिता सरळ उभी राहिली. आणि मग ओल्या कापडासारखी खाली घसरली.

पण खाली पडायला जागाच नव्हती. सुंदराबाईनं एका बगलेत हात घातला, मागच्या बाईनं दुसऱ्या. "धरा, धरा, पडू देऊ नका," असं चहूकडून सुरू झालं आणि त्यांनी तिला उभीच धरून ठेवली. मान छातीवर पडली होती. कुणीतरी ती केस धरून वर केली. डोळ्यांची बुबुळं वर गेली, हात वाकडे झाले आणि झटके आले. चार-दोन झटके, हातापायांना. सुंदराबाईला ते स्वतःच्या बरगडीत जाणवले.

"फेफरं हाय," मागून एक आवाज म्हणाला.

त्या शब्दाबरोबर रांगेत जागा झाली. इतका वेळ जी बोटभर मिळत नव्हती ती. बायका मागं सरल्या. कुणी किल्ल्यांचा जुडगा ललिताच्या मुठीत कोंबला. कुणी बाटली तोंडाला लावली, पाणी नाकात गेलं, तिला ठसका लागला. आणि काशीबाईनं वाकून पायातली चप्पल काढली आणि ललिताच्या नाकाशी धरली.

"हुंगू दे, कातड्याच्या वासानं उतरतं."

सुंदराबाईनं तिचा हात बाजूला केला नाही. दोन्ही हात गुंतले होते, असं ती म्हणायची.

स्वयंसेवकांच्या मंडपातून एक नर्स आली. सुनीती नाव तिचं, शहरातली. तिनं आल्या आल्या दोन शब्द उच्चारले, "खाली ठेवा." कुणी ऐकेना तेव्हा तिनंच ललिताला सुंदराबाईच्या हातातून काढून घेतली आणि रस्त्यावर आडवी निजवली. किल्ल्या फेकल्या, चप्पल पायानं सारली. नाकातोंडाशी गाल नेऊन श्वास बघितला. पोलक्याची वरची बटणं सैल केली आणि एका मुलीला सांगितलं, हिचे पाय उचलून तुझ्या मांडीवर घे. "वारा येऊ द्या. पाणी पाजू नका, शुद्धीत नाही ती. घशात जाईल."

पाय वर गेले आणि जरा वेळानं चेहऱ्यावर रंग आला. भिंतीवर पहाटेचं ऊन चढावं तसा, खालून वर. ललितानं डोळे उघडले. "आये," म्हणाली. "मी पडले काय?" ती कुठं आहे, आज कोणता दिवस, सगळं तिला ठाऊक होतं. लगेच उठायला गेली, तर सुनीतीनं खांद्यावर हात ठेवला. "पडून राहा. घाईनं उठलीस तर पुन्हा पडशील." मग कुशीवर केलं, मग बसवलं, आणि तेव्हा कुठं पाणी दिलं, घोट-घोट. कुणाच्या तरी बाटलीतलं. तळ्याचं नाही.

सुंदराबाईनं मान वर केली तेव्हा काशीबाईची रांग पुढं गेली होती.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम दोघींना घेऊन महाडात डॉक्टर चिंतामणींकडं गेला. त्यांनी नाडी बघितली, छाती तपासली, जीभ चावली होती का, कपड्यांत लघवी झाली होती का, शुद्धीवर येऊन गोंधळली होती का, हे सगळं विचारलं. मग म्हणाले, "हे फेफरं नव्हे. साधी चक्कर आहे. माणूस फार वेळ न हलता उभा राहिला की रक्त पायांत उतरतं. त्यात ऊन आणि पोटात पाणी नाही. मेंदूला रक्त कमी पडलं की माणूस कोसळतो. आडवा झाला की रक्त परत डोक्याला पोचतं आणि तो शुद्धीवर येतो. पडणं हाच त्यावरचा उपाय असतो म्हणा ना."

"पन झटके आले, डाक्टर," दत्ताराम म्हणाला.

"पडू दिलं होतं का तिला?"

दत्तारामानं सुंदराबाईकडं बघितलं.

"उभं धरून ठेवलं की तसं होतं. चक्करेतही हातपाय उडतात कधी कधी. पुन्हा डोळ्यांपुढं अंधारी आली तर असेल तिथं बसायचं, आडवं व्हायचं. लाजायचं नाही. आणि पाणी प्यायचं." ते ललिताशी बोलत होते. सुंदराबाई आपल्या हातांकडं बघत होती. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

दत्ताराम बिरवाडीला गेला. काशीबाईनं चहा केला, बसायला पाट दिला, सगळं नीट केलं.

"डाक्टर सोता म्हनाले, चक्कर हाय," दत्तारामानं सांगितलं. "तुमी चला, तुमच्या कानांनी ऐका."

"मी कशाला डाक्टरला ऐकू? मी डोळ्यांनी बघितलंय." काशीबाई म्हणाली. "भाऊ, तुमच्या पोरीला मी नावं ठेवत नाय. पोर सोन्यासारखी हाय. पन उद्या चुलीवर पडली, विहिरीत पडली, मांडीवरचं पोर टाकून पडली, तर? माझा एकच लेक हाय."

"पोटात पानी नव्हतं तिच्या."

"माझ्यापन नव्हतं कितींदा. मी पडले?"

जानू दारात उभा होता, चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत. दत्तारामानं त्याच्याकडं बघितलं. त्यानं आईकडं बघितलं. तिथं ते संपलं.

'फेफरं' हा शब्द मात्र संपला नाही. तो बिरवाडीहून वाडीत आला, कुणाच्या पायानं ते कळलं नाही. कुणी वाईट बोलत नव्हतं. सगळ्यांनी काळजीच घेतली. विहिरीवर ललिता गेली की शेजारची सोनाबाई तिच्या हातातून दोर घ्यायची. "तू नको वाकू गो, मी काढते तुझं." पहिल्यांदा ललिता हसली. मग नको म्हणाली. मग एक दिवस सोनाबाईनं दोर दिलाच नाही. "काय झालं-गेलं तर विहीर बाटेल ना बाय. समद्यांचं प्यायचं पानी हाय." ती सहज म्हणाली, आपण काय बोललो हे तिच्याही ध्यानात आलं नाही. सुंदराबाई मागं कळशी घेऊन उभी होती. तिच्या मनात वडील आले, त्यांची पाठ आली. त्या दिवसापासून पाणी तीच भरायला लागली.

पुढच्या वीस मार्चला निघण्याआधी सुंदराबाईनं माठावरची ताटली काढली आणि तांब्याभर पाणी उभ्यानं प्यायली. जन्मात पहिल्यांदा. चोरी करावी तसं वाटलं. ललिता उंबऱ्यात बसून बघत होती.

"मागल्या साली का नाय?" ती म्हणाली.

एवढंच. आवाज न चढवता. सुंदराबाई एकटीच महाडला गेली, रांगेत उभी राहिली, तळ्याचं पाणी प्यायली. त्याला चव नव्हती.

आणखी एका वर्षानं ललिताचं लग्न झालं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला सहदेव म्हणून एक बिजवर होता, पहिलीची एक मुलगी असलेला. मध्यस्थानं त्याला ललिताबद्दल सगळं सांगितलं, म्हणजे तोच शब्द सांगितला. सहदेव म्हणाला, "चालतंय. घरात माणूस पाह्यजे." लग्नात सुंदराबाईनं लेकीला ओवाळताना बघितलं, तिच्या मागं एक बाई मुद्दाम उभी केली होती. पडली तर धरायला.

मग एका वर्षी रक्तदानाचं शिबिर झालं. चौदा एप्रिलच्या जयंतीला महाडातल्या एका शाळेत मंडळाच्या पोरांनी भरवलं. मुंबईहून रक्तपेढीची गाडी आली होती, देखरेखीला डॉक्टर चिंतामणी होते. सुंदराबाईकडं सरबताचं काम. वर्गातली बाकं भिंतीला लावून खाटा टाकल्या होत्या. खाटेवरच्या माणसाच्या दंडातून नळी निघायची आणि खाली काचेच्या बाटलीत काळपट लाल रक्त फेसाळत चढायचं. कारखान्यातली पोरं घोळक्यानं आली होती, एकमेकांना डिवचत.

"ए, तुझं घेऊ नका म्हनावं. पेशंट दारू मागेल."

"तुझं घेतलं तर पेशंट उधारी मागेल."

त्या घोळक्यात जानू होता. थोडा सुटलेला, अंगठी घातलेला. वर्षापूर्वी त्याचं लग्न झालं होतं, म्हसळ्याकडची मुलगी. आणि खिडकीपाशी काशीबाई बसली होती, लेक रक्त देणार म्हणून मिरवायला आलेली. दोघी बायांनी एकमेकींना बघितलं आणि नजर दुसरीकडं नेली.

जानूचा नंबर पुढचा होता. तो खाटेशेजारी उभा होता, आणि त्याची नजर खालच्या बाटलीवर गेली ती तिथून हलेना. सुंदराबाई लिंबं कापत होती. तिनं वर बघितलं ते त्याच्या जांभईनं. पाठोपाठ दुसरी. ओठांवर घामाचे थेंब. चेहरा पेजेच्या रंगाचा.

तिला सगळं कळलं. तिचा हात लिंबावर थांबला. तोंडातून शब्द जायला हवा होता, बस खाली, एवढाच. तो वेळेवर गेला नाही. जाऊ दिला नाही की गेला नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मी जरा भायेर..." जानू म्हणाला आणि वळता वळता लुळा पडला. दोघा मित्रांनी त्याला बगलेत धरलं. "धर, धर, पडेल," आणि उभाच धरला. मान लटकली, बुबुळं वर गेली, हात वाकडे झाले.

झटके आले.

तोवर सुंदराबाई तिथं पोचली होती. "सोडा त्याला. खाली ठेवा."

"पडंल तो, मावशी."

"पडू दे म्हनते ना. निजवा." तिचा आवाज इतका कोरडा होता की त्यांनी ऐकलं. तिनं त्याला फरशीवर आडवा करवला, लिंबांचा लाकडी खोका उपडा करून त्यावर पाय ठेवले, गळ्याचं बटण काढलं. नाकाशी गाल नेला. श्वास येत होता. कुणीतरी सवयीनं चप्पल काढली आणि पुढं केली.

काशीबाई धावत आली आणि तिनं त्या हातावर फटका मारला. "चप्पल लावतोस माझ्या लेकाच्या तोंडाला?"

चप्पल खाली पडली. सुंदराबाईनं काशीबाईकडं बघितलं नाही. जानूच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. रंग यायला लागला होता.

दारात माणसं जमली. मागून एक बाई म्हणाली, "फेफरं काय गो, सुंदराबाय?" आणि सगळ्यांची तोंडं सुंदराबाईकडं वळली. तिला ठाऊक असणारच, तिच्याच पोरीला होतं की. काशीबाईचंही तोंड वळलं. त्या तोंडावर सुंदराबाईनं पहिल्यांदा भीती बघितली.

शब्द जिभेवर तयार होता. किती वर्षं चोखून चोखून गुळगुळीत झालेला. नुसता बाहेर टाकायचा होता. दुसऱ्या दिवशी तो बिरवाडीत पोचला असता, कुणाच्या तरी पायानं.

"नाय," सुंदराबाई म्हणाली. "चक्कर हाय. रगत बघून येते."

जानूनं डोळे उघडले. आईला ओळखलं, मग सुंदराबाईला ओळखलं आणि पुन्हा मिटले. चिंतामणी आले, नाडी धरली, पडूनच राहा म्हणाले. "काही नाही. रक्त बघून होतं पुष्कळांना, दांडग्या माणसांनासुद्धा. नाडी मंदावते, रक्त खाली उतरतं. ठीक केलंत बाई, आडवं केलंत ते. आज याचं रक्त घ्यायचं नाही."

"उपाशी होता सकाळधरनं," काशीबाई चारी बाजूंना सांगायला लागली. "उन्हातनं आला. आनि मन हळवं हाय त्याचं, ल्हानपनापास्नं. कोंबडं कापलं तरी बघवत नाय."

"झटके आले व्हते, काशीबाय," सुंदराबाई म्हणाली.

"ते चक्करंनं येतात. डाक्टर म्हनाले की."

"कवा म्हनाले? आज?"

काशीबाईनं पदरानं लेकाचा घाम पुसला. पुसलेल्या जागीच पुन्हा पुसला. मान डोलावत बायका पांगल्या: पोराचं मन हळवं हो. सुंदराबाई जाऊन राहिलेली लिंबं कापायला बसली.

त्या आठवड्यात ती पोलादपूरला गेली. एसटीत बसायला जागा मिळाली नाही. मग वरच्या अंगाची चढण. दारात पोचली तेव्हा सावत्र नात डोक्यावर हंडा घेऊन आत जात होती. या घरातही ललिताला नदीवर एकटी धाडत नव्हते.

सुंदराबाईनं उंबऱ्यात उभी राहूनच सगळं सांगितलं. बाटली, जांभया, झटके, चप्पल. काशीबाईनं मारलेला फटका तिनं दोनदा सांगितला. "मी सांगितलं, चक्कर हाय म्हनून. समद्यांम्होरं सांगितलं."

ललिता तांदूळ निवडत होती. थांबली नाही.

"त्याच्यासाठी सांगितलंस," ती म्हणाली.

"तसं नाय गो."

"मग ऐकलं का लोकांनी?"

"ऐकलं."

"बरं झालं." ललितानं एक खडा उचलून अंगणात टाकला. "आता त्याला कोन विहिरीवरनं माघारी धाडनार नाय."

सुंदराबाईच्या ओठांवर घाम आला होता. उन्हाचा असेल. तिनं चौकटीला हात लावला. ललितानं वर बघितलं, आईचा चेहरा बघितला आणि सूप बाजूला ठेवून उठली. काही न विचारता तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली बसवली, मग सारवलेल्या जमिनीवर आडवी केली. पाय उचलून तांदळाच्या पोत्यावर ठेवले. सगळं नीट, बरोबर, चेहऱ्यावर काहीही न आणता.

जरा वेळानं ती तांब्या घेऊन आली आणि शेजारी बसली.

"उभी राहू नको माझ्याम्होरं," ती म्हणाली. "पानी पी आदी."